कुठल्या वाक्याला?

"पुरावा कमी आहे."

मैत्रिणीच्या निबंधाच्या कच्च्या खर्ड्यावर मी समासात एवढंच लिहिलं होतं. तिने विचारलं, "कुठल्या वाक्याला?"

मला सांगता येईना.

रात्री पुन्हा वाचला. '१९७२च्या दुष्काळामुळे रोजगार हमी कायदा आला,' हा तिचा दावा. पण कायदा १९७७चा. मधल्या पाच वर्षांबद्दल एक ओळ नाही! तिथेच खूण करून लिहिलं, "दुष्काळ ओसरल्यावरही मागणी कोणी लावून धरली, ते इथे हवं."

आजीची खडी फोडण्याची, सुकडीची आठवण शेवटी होती. ती दुष्काळी कामं कशी होती ते दाखवते, कायदा का आला ते नाही. म्हणून सुरुवातीला घ्यायला सुचवलं.

मग पहिला शेरा खोडला.

तुमच्या वहीवरच्या 'सुधारणा हवी'ला तुम्ही कधी विचारलं होतंत, कुठल्या वाक्यात?