पॅकिंगचे तीनशे साडेबारा

«बिलाचा फोटो टाकला की मॉडेल सगळे आकडे जेसनमध्ये काढून देतं, बेरीजही जुळलेली असते. मग तुम्ही परत काय तपासत बसता?»

एकदा एका फॅब्रिकेशनवाल्याच्या खरेदी बिलात मला पॅकिंग चार्जेस म्हणून ३१२.५० रुपये दिसले, म्हणून. कागदावर पॅकिंगचा पत्ता नव्हता. बेरीज मात्र पैशापर्यंत जुळत होती.

मी सांगलीत एका करसल्लागारांच्या ऑफिसात काम करते. ग्राहक खरेदीची बिलं व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवतात. ती चुरगळलेली असतात, तिरकी असतात, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा असतो. पूर्वी आम्ही ती एकेक करून टॅलीत चढवायचो. आता फोटो आधी लँग्वेज मॉडेलकडे जातो, तिथून जेसन येतं, ते माझी छोटी स्क्रिप्ट तपासते आणि पास झालेलंच पुढे जातं. त्या स्क्रिप्टमध्ये मी काय काय चुकले, हेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

तेच बिल घेऊ. ४८.५ किलो एमएस अँगल ६२.५० रुपये दराने, म्हणजे ३,०३१.२५. बारा किलो नट-बोल्टचे १,४१६. वेल्डिंग रॉडच्या पाच पाकिटांचे १,९२५. पन्नास कटिंग व्हील साडेअठराने, त्यावर दहा टक्के सूट, म्हणून ८३२.५०. चार ओळींची बेरीज ७,२०४.७५ आणि बिलाची रक्कम ८,९१५.

माझी पहिली तपासणी होती ‘ओळींची बेरीज बिलाच्या रकमेइतकी आहे का’. आपल्याकडच्या जीएसटी बिलात ती जवळजवळ कधीच तेवढी नसते! मधे गाडीभाडं येतं, सीजीएसटी आणि एसजीएसटी येतो, शेवटी राउंड ऑफ. पहिल्या दिवशी सगळी बिलं नापास झाली, तेव्हा कुठे प्रत्येक पायरी वेगळी मागायची हे मला सुचलं.

```python
from decimal import Decimal as D
lines = [D("3031.25"), D("1416.00"), D("1925.00"), D("832.50")]
taxable = sum(lines) + D("350.00")             # गाडीभाडं
total = taxable + 2 * D("679.93") + D("0.39")  # कर, राउंड ऑफ
print(total == D("8915.00"))                   # True
```

इथे `float` वापरलं की पैशाचे बारीक अपूर्णांक शेपटीसारखे चिकटून येतात आणि बरोबर बिलही ‘जुळत नाही’ म्हणतं, म्हणून `Decimal`. मॉडेलकडूनही आकडे मी मजकूर म्हणूनच घेते. बिलावर 1,25,000.00 असं छापलेलं असेल तर जेसनमध्ये तसंच यावं, स्वल्पविराम काढायचं काम कोड करेल.

आता ती पॅकिंगची गोष्ट. फोटोत घडी नेमकी अँगलच्या ओळीवर होती. मॉडेलने ४८.५ चे ४३.५ वाचले. एवढ्याने बिघडलं नसतं, कारण रकमेच्या रकान्यात ३,०३१.२५ स्वच्छ छापलेलं होतं. पण मी सूचनेत लिहून ठेवलं होतं की प्रत्येक ओळीची रक्कम नग गुणिले दर अशी काढ. त्याने इमानाने काढली, २,७१८.७५. छापील बेरजेपेक्षा ३१२.५० कमी. मग स्क्रिप्टने, म्हणजे माझ्याच शहाणपणाने, त्याला परत पाठवलं: बेरीज ३१२.५० ने कमी येते, दुरुस्त कर.

केली की दुरुस्त. पाचवी ओळ आली, `Packing Charges`, रक्कम `312.50`. सगळ्या पायऱ्या हिरव्या झाल्या.

ते आमच्या हिशेबनीस काकांनी पकडलं. त्यांना जेसन कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. टॅलीतली नोंद बघून ते म्हणाले, “पॅकिंग? अहो, अँगलला कोण पॅकिंग करतं?” मी फोटो उघडला, पण तिथे काही नव्हतं. काकांनी तीनशे साडेबारावर बोट ठेवलं आणि बिलातले दर एकेक करून पुटपुटायला लागले. “साडेबासष्ट पंचे तीनशे साडेबारा. पाच किलोचा घोळ आहे बघ. आठाचा तीन झालाय.” स्क्रीनवर झूम करायच्या आधी त्यांचं झालं होतं.

त्यानंतर मी तीन गोष्टी बदलल्या. पहिली, मॉडेलने गणित करायचं नाही, कागदावर जे छापलंय ते उतरवायचं. नगही छापील, दरही छापील, रक्कमही छापील. गुणाकार करून ताडून बघायचं काम कोडचं. आता ४८.५ चे ४३.५ झाले तर गुणाकार २,७१८.७५ येतो, छापील रक्कम ३,०३१.२५ असते आणि कुठली ओळ बघायची ते लगेच कळतं. एकच आकडा दोन वाटांनी येतो तेव्हाच ताळा होतो. रक्कम मॉडेलनेच नग आणि दरावरून काढली तर दोन्ही वाटा एकच झाल्या.

दुसरी, वाचता येत नसेल तर रिकामं सोडायची मुभा. आधी माझ्या स्किमामध्ये प्रत्येक रकान्यात आकडा सक्तीचा होता. सक्ती केली की आकडा येतोच, कुठून येतो ते विचारू नका. आता `null` चालतं आणि अशा ओळीचं काय करायचं ते माणूस ठरवतो.

```json
{"name": "MS Angle 40x40x5", "qty": null, "rate": "62.50",
 "discount": null, "amount": "3031.25"}
```

मॉडेलला ठरलेल्या साच्यातच उत्तर द्यायला लावण्याची सोय आता बऱ्याच ठिकाणी आहे आणि ती मी वापरते. तिच्यामुळे कंस आणि रकाने बरोबर येतात. आतला आकडा कागदावरचा आहे की मनाचा, हे तिला कळत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: बेरीज जुळली नाही तर किती फरक आहे ते मॉडेलला सांगायचं नाही. फरक सांगितला म्हणजे तेवढ्याची सोय करून ठेव असंच सांगितल्यासारखं आहे. आता मी तक्त्याचा भाग कापून, मोठा करून, आधीचं उत्तर न दाखवता पुन्हा वाचायला देते. खालची बेरीज त्या तुकड्यात नसतेच, त्यामुळे जुळवायला काही हाताशी राहत नाही. दोन्ही वाचनं सारखी आली आणि तरीही जुळत नसेल तर ते बिल काकांच्या ट्रेमध्ये. जाता जाता राउंड ऑफवरही मी कुलूप घातलंय, तो एक रुपयाच्या आतच हवा. फरक दडवायला त्याच्यासारखी सोयीची जागा नाही.

तुम्ही म्हणाल, मग पैशाचाही फरक चालवून घेत नसाल. ओळींच्या बेरजेत नाही. छापील रकमा दोन दशांशांच्या असतात, त्यांची बेरीज तंतोतंत यायलाच हवी. गुणाकारात मात्र सूट द्यावी लागते, आणि ती किती हे मला एका बिलाने शिकवलं. करासकट शंभर रुपयांची वस्तू, दोनशे नग. अठरा टक्के कर काढला की दर ८४.७४५७… होतो. बिलावर छापतात ८४.७५, पण बिलाचं सॉफ्टवेअर आत पूर्ण आकडा धरून गुणतं आणि रक्कम येते १६,९४९.१५. छापील दराने गुणलं तर १६,९५०. पंच्याऐंशी पैशांचा फरक, आणि चूक कुणाचीच नाही. दरात जास्तीत जास्त अर्धा पैसा गोलाई असू शकते, म्हणून नगांची संख्या गुणिले अर्धा पैसा एवढा फरक मी चालवून घेते. दोनशे नगांना एक रुपया, पाच नगांना अडीच पैसे. सरसकट एक रुपया सोडला असता तर छोट्या ओळींतल्या चुका सुखाने निसटल्या असत्या.

लांबलचक बिलांचा त्रास वेगळा आहे. पहिल्या पानाच्या तळाशी ‘पुढे नेले’ आणि दुसऱ्याच्या डोक्यावर ‘मागील पानावरून’ अशी रक्कम असते. मॉडेल तिलाही माल समजून ओळीत घालतं. फरकाचा आकडाच कागदावर कुठेतरी छापलेला सापडला, तर एखादी ओळ दोनदा धरली गेलीय किंवा राहून गेलीय, हे समजायचं.

आणि बेरजेला जे दिसतच नाही त्याचं काय? बिल नंबरातलं शून्य इंग्रजी ओ म्हणून आलं तर कुठलीही बेरीज हलणार नाही, पण जीएसटीआर-२बीशी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या सरकारी यादीशी, जुळवताना ते बिल सापडणार नाही आणि टॅक्स क्रेडिट अडकेल. पुरवठादाराच्या जीएसटी नंबराला निदान ताळा आहे. पंधरा अक्षरं, पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राची २७, पुढची दहा पॅनची आणि शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेलं. एक अक्षर चुकलं तरी कोड ओरडतो. तारखेला असा काही आधार नाही. ०५/०६ पाच जून की सहा मे, हे मॉडेलने काहीही सांगितलं तरी बेरीज मान डोलावणारच, म्हणून तारीखही मी छापल्याप्रमाणेच घेते आणि दिवस-महिना कोडमध्ये ठरवते.

उरतात ती बिलं जी कागदावरच चुकलेली असतात. गेल्या महिन्यात एका छोट्या दुकानाचं हाताने लिहिलेलं बिल आलं. ओळी १,८६०, २,४७५ आणि ६४०. खाली लिहिलेली बेरीज ४,७९५. स्क्रिप्टने नापास केलं, दुसऱ्या वाचनातही तेच आकडे आले. काका म्हणाले, “फरक किती? एकशे ऐंशी? नवाने भाग जातो, आकडे उलटे पडलेत.” खरी बेरीज ४,९७५ होती. मॉडेलने एकही आकडा चुकीचा वाचला नव्हता. पूर्वीच्या माझ्या सूचनेने त्याने इथे गुपचूप ४,९७५ लिहून दिलं असतं आणि दुकानदाराला दिलेल्या पैशांशी आमची वही कधीच जुळली नसती.

काकांनी दुकानात फोन केला. दुसरं बिल करून पाठवतो म्हणाले. ते अजून आलेलं नाही आणि जुनं ट्रेमध्ये सगळ्यात वर आहे.