रडत कोण होते?

माझी नऊ वर्षांची पुतणी गोष्टीचे पुस्तक मोठ्याने वाचू लागली की मी हातातले काम बाजूला ठेवून ऐकत बसतो. परवा एक वाक्य आले : ‘मुलगा रडत पळणाऱ्या बहिणीकडे धावला.’ तिने पाचही शब्द अचूक उच्चारले. मात्र ‘मुलगा रडत’ येथे ती क्षणभर थांबली आणि उरलेले वाक्य तिने एका दमात वाचून टाकले. एवढ्याशा विरामाने बहिणीचे रडणे भावाच्या वाट्याला आले. आदल्याच वाक्यात ठेच लागून गुडघा फुटला होता तो बहिणीचा, त्यामुळे विराम ‘मुलगा’ या शब्दानंतर यायला हवा होता आणि ‘रडत पळणाऱ्या बहिणीकडे’ हे तीन शब्द एकमेकांना धरून राहायला हवे होते. तेथे स्वल्पविराम छापलेला नव्हता, आणि कर्त्यानंतर असा स्वल्पविराम देण्याची रीतही नाही. तो विराम वाचणाऱ्याला अर्थावरूनच शोधावा लागतो.

तो शोधायचा तर डोळ्यांनी आवाजाच्या पुढे चालावे लागते. जाणता वाचक एक शब्द उच्चारत असतो तेव्हा त्याची नजर पुढच्या काही शब्दांवर पोचलेली असते. मध्येच पान हाताने झाकले, तरी तो आणखी दोनतीन शब्द बोलून जातो. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येत असल्याने ही आघाडी फार उपयोगी पडते. जिची नजर आवाजाबरोबरच चालते, ती मुलगी अर्थ संपला म्हणून थांबत नाही, तर श्वास संपला किंवा ओळ संपली म्हणून थांबते. ओळीच्या टोकाशी हमखास पडणारा विराम ही याची सर्वांत सोपी खूण आहे.

याउलट, आवाजातले चढउतार फसवे असू शकतात. पाठांतर केल्यासारखी प्रत्येक वाक्याला एकच चाल लावणारी, किंवा ‘अरेरे’ दिसताच गळा काढणारी मुले मी ऐकली आहेत. त्यांना गोष्ट विचारली तर सांगता येत नाही. उलट एखादा लाजाळू मुलगा सपाट सुरात वाचतो, पण शब्दांचे गट बरोबर पाडतो. मला वाटते, गोष्ट अधिक समजलेली असते ती या मुलालाच. म्हणूनच मी अभिनयाकडे कमी आणि विरामांकडे जास्त लक्ष देतो, आणि शंका आली तर विचारतो.

“रडत कोण होतं गं?” मी विचारले.

“मुलगा,” ती ठामपणे म्हणाली.

“आणि गुडघा कुणाचा फुटला?”

तिने वरच्या ओळीवर बोट ठेवले, मनाशी पुटपुटली आणि वाक्य पुन्हा वाचले. या वेळी ‘मुलगा’ म्हणून थांबली. पुढच्या पानावर आणखी एका लांब वाक्यात ती अर्ध्यातच अडखळली. मी काही बोलण्याआधीच “थांब हं, काका,” म्हणाली आणि वाक्याच्या आरंभी परत गेली.