एकाच बॅचचे दोन डबे

मे महिन्यातल्या बुधवारी सकाळी साडेदहाला फोन आला. शनिवारी आमच्याकडून अर्धा लिटरचे दोन आंबा डबे नेलेल्या विश्रामबागच्या काकू होत्या. "काय ओ दादा, आइस्क्रीम म्हणून बर्फ विकता का? जावयापुढं मान खाली गेली माझी."

सांगलीत गेली अकरा वर्षं मी आइस्क्रीम बनवतोय. अशा फोनवर आधी डबा बदलून द्यायचा, मग विचार करायचा, हा माझा शिरस्ता. त्या दिवशी मात्र शनिवारच्याच बॅचचा एक डबा आमच्या उणे 20 च्या डीप फ्रीझरमध्ये शिल्लक होता. थर्माकोलच्या पेटीत तो घातला, तारेवाला थर्मामीटर घेतला आणि निघालो.

काकूंनी पहिला डबा रविवारीच संपवला होता. दुसरा अर्धा खाऊन परत ठेवलेला. झाकण उघडताच वरच पांढऱ्या भुशासारखा थर दिसला, आणि आइस्क्रीम डब्याच्या कडांपासून किंचित आत सरकलेलं होतं. चमचा दाबला तर कर्रकन आवाज आला. तुकडा जिभेवर ठेवला. कण टोचले, पण लगेच विरघळले. हे महत्त्वाचं असतं. कण वाळूसारखे राहिले आणि विरघळायला तयार नसले, तर ती दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, बाहेर आलेली असते. तो दोष बनवणाऱ्याकडचाही असू शकतो, बऱ्याचदा मिक्समध्ये दूध पावडर जास्त पडलेली असते. इथं बर्फच होता.

मग माझ्या पेटीतला डबा काढला आणि दोन्ही डब्यांतला एकेक चमचा शेजारी शेजारी वाटीत ठेवला. डब्याच्या तळावरचा बॅच नंबर काकूंनी स्वतः चष्मा लावून ताडून पाहिला. माझ्या डब्यातलं घट्ट पण मऊसूत, त्यांच्यातलं खडबडीत. काकू म्हणाल्या, "म्हणजे आमच्या फ्रिजनं खाल्लं म्हणा की."

मी थर्मामीटर त्यांच्या डब्याच्या मधोमध खुपसला. उणे 9. फ्रिज वरच्या फ्रीझरचा, फ्रॉस्ट फ्री, पाच वर्षं जुना. फ्रीझरच्या खालच्या कोपऱ्यात बर्फाची बोटभर कड साचलेली दिसली. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये असा बर्फ दिसणं हीच खूण. त्यात कॉइलवर जमलेला बर्फ हीटर ठराविक काळानं आपोआप वितळवतो, त्यामुळं आत बर्फ साचायला नको. साचतोय म्हणजे बाहेरची दमट हवा कुठून तरी शिरतेय. दहाची नोट दारात धरून दार लावलं. वरच्या बाजूला ती घट्ट बसली, खालच्या कोपऱ्यात सरसर निघून आली. दाराचं रबर तिथं आखडलं होतं.

थर्मामीटरला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा लक्षात ठेवायची सोय होती. तो तसाच डब्यात ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी पाहिलं: जास्तीत जास्त उणे 6, कमीत कमी उणे 17. तेवढ्या वेळात आइस्क्रीम एकदाही पातळ झालं नव्हतं, म्हणून काकूंना काही कळायचं कारणच नव्हतं. "वितळलंच नाही तर बिघडलं कसं?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

आइस्क्रीममधलं सगळं पाणी कधीच गोठत नाही, कारण त्यात साखर असते. उणे 6 ला निम्म्याहून थोडंच जास्त पाणी बर्फ झालेलं असतं, उणे 18 ला साधारण तीन चतुर्थांश. उरलेलं पाणी साखरेच्या दाट पाकात असतं. ताज्या आइस्क्रीममध्ये बर्फाचे कण इतके बारीक असतात, की जिभेला कळत नाहीत. ते तसे होतात, कारण मशीनमध्ये मिक्स घुसळत घुसळत झटकन गोठवतो. आता डबा उणे 17 वरून उणे 6 वर आला, की पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा वितळतो. त्यात सगळ्यांत बारीक कण आधी संपतात. परत थंडी वाढली, की ते पाणी नवे बारीक कण करत नाही, उरलेल्या मोठ्या कणांवर जाऊन चिकटतं. असं दिवसातून दोनदा झालं, तरी चार दिवसांत कण फुगतात. वरचा पांढरा भुसा म्हणजे आइस्क्रीममधूनच उडालेली वाफ झाकणाखाली गोठलेली.

या सगळ्याला रबराची फट कारण, पण एकटी नाही. दमट हवेमुळं कॉइलवर बर्फ भराभर चढतो आणि तो चढला, की पंखा थंड हवा फेकू शकत नाही. त्यात शनिवारी डबे विकत घेतल्यावर काकू भाजी घेऊन अर्ध्या तासानं घरी पोचल्या होत्या, रविवारी डबा पंधरा मिनिटं टेबलावर राहिला होता, आणि परत ठेवला तो फ्रीझरच्या दारातल्या खणात, म्हणजे दर वेळी दार उघडलं की गरम झोत पहिला तिथंच. मी डबा मागच्या भिंतीला सरकवला आणि मिस्त्रीचा नंबर दिला. त्यानं रबर बदललं.

आठवड्यानं नवीन डबा घेऊन गेलो आणि पुन्हा एक दिवस मोजलं. जास्तीत जास्त उणे 15, कमीत कमी उणे 19. मी खुशीत. दोन दिवसांनी काकूंचा फोन. "दादा, आता दगड झालाय. चमचा वाकला माझा."

मला हसू आलं, पण चूक माझी होती, सांगायचं राहिलं होतं. उणे 18 हा साठवायचा आकडा आहे, वाढायचा नव्हे. वाढायला उणे 12-14 चांगलं. अर्धा लिटरचा डबा खालच्या फ्रिजच्या कप्प्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, हवं तेवढं काढायचं आणि लगेच परत मागं ठेवायचं. टेबलावर ठेवला तर बाहेरची कडा पाणी होते आणि मधला भाग दगडच राहतो. खरं तर अर्ध्या लिटरच्या डब्याला दोनदा असं करायचंच नाही, एका बैठकीत संपवायचा. माझा धंदा म्हणून सांगत नाही हं.

त्यांनी मग स्वतः केलेलं आंब्याचं आइस्क्रीमही दाखवलं. ते माझ्याहूनही दगड. मधुमेहामुळं साखर निम्मी आणि मिक्सरवर एकदाच फिरवलेलं. साखर कमी, की पाणी जास्त गोठणार; आणि हवा नाही, म्हणजे बर्फाच्या भिंतींमध्ये मोकळी जागा नाही. माझ्या डब्यात आकारमानाचा बराच भाग हवेचा असतो. हे ऐकून काकू माझ्याकडं संशयानं बघायला लागल्या. "म्हणजे हवेचे पैसे घेता?" थोडी हवा लागतेच, नाहीतर चमचा शिरणार नाही, असं सांगितलं. काही जण हवा भरून डबा हलका करतात, हेही खरं. हातात घेऊन वजनावरून ओळखता येतं.

त्या खडबडीत अर्ध्या डब्याचं काय करायचं, हे त्यांनी पहिल्या दिवशीच विचारलं होतं. फुगलेले कण पुन्हा थंड करून बारीक होत नाहीत, एवढं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मोजून झाल्यावर त्यांनी तो डबा तिथंच मिक्सरच्या भांड्यात रिकामा केला, थंड दूध ओतलं आणि मला ग्लासभर मिल्कशेक प्यायला लावला.