चावत तर नाही ना?

रविवारी दुपारी जेवून आडवी झाले आणि साडेतीनला उठून फोन हातात घेतला, तर घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चौदा मेसेज. सगळ्यात वर आमच्या आतोबांचा, दोन वाजून दहा मिनिटांचा: "नवी कवळी बसवून आलो. आज मऊ भात." आणि त्याच्या खाली ही रांग:

"अय्या! कधी आणलं?"

"किती गोड आहे!!"

"नाव काय ठेवलं?"

"रात्री झोपू देतं का?"

"चावत तर नाही ना?"

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आतोबा शहात्तर वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या कवळीला गोड म्हणण्याची आमच्या घराण्यात कुणाची छाती नाही. नीट पाहिलं तेव्हा कवळी आणि "अय्या" यांच्या मध्ये दोन पुसट, तिरक्या ओळी दिसल्या. मंदारने, म्हणजे आतोबांच्या धाकट्या चिरंजीवांनी, दोन मेसेज टाकून काढून घेतले होते. मधल्या दोन पायऱ्या निघाल्या आणि खालची सगळी मंडळी घसरून थेट कवळीवर येऊन बसली.

आता काय होतं त्या मेसेजमध्ये? फोन करून विचारता आलं असतं, पण मग मजा काय? मराठी माणूस उत्तर देताना विषयाचं नाव घेत नाही. कर्ता गाळतो, कर्म गाळतो, उरतं ते क्रियापद. पण त्या क्रियापदाच्या शेपटाला विषयाचं लिंग चिकटलेलं असतं, आणि ते कितीही डिलीट केलं तरी जात नाही. "कधी आणलं?" म्हणजे आणलेली वस्तू नपुंसकलिंगी. कवळी असती तर "आणली" आलं असतं, सोफा असता तर "आणला". "नाव काय ठेवलं?" याचा उपयोग शून्य, कारण तिथलं "ठेवलं" हे नावाचं आहे, ज्याला ठेवलं त्याचं नव्हे. "चावत तर नाही ना?" यातही लिंग कळत नाही, तिथे आतोबाही बसतात आणि कवळीही. पण "झोपू देतं का?" हा पक्का पुरावा. झोपू न देणारं, नपुंसकलिंगी, ज्याला नाव ठेवतात आणि जे घरी आणतात. बाळ म्हणावं तर मंदारचं लग्न व्हायचंय, आणि बाळाच्या बाबतीत चावण्याची चौकशी इतक्या लवकर कुणी करत नाही. पिल्लू! मंदारने कुत्र्याचं पिल्लू आणलं होतं.

इंग्रजीत हे सगळे प्रश्न "इट"वर भागले असते आणि मी अजून कवळीपाशीच बसले असते.

मंदार बंगळुरूला असतो. कुत्रं हा विषय त्या घरात वर्ज्य. आतोबांच्या मते कुत्र्याने अंगणात राहावं, आणि ज्याला अंगण नाही त्याने कुत्र्याचं नाव काढू नये. म्हणजे मेसेज जायचा होता आम्हा भावंडांच्या ग्रुपवर आणि गेला घरच्या ग्रुपवर. दोन्हींच्या नावांची सुरुवात "आपण सारे"ने होते. त्याने सात-आठ मिनिटांत सावरून घेतलं, पण तेवढ्यात आमच्या बायकांची पाच उत्तरं पडली होती. ती काढणं त्याच्या हातात नव्हतं. आपला मेसेज आपण सर्वांसाठी काढू शकतो. दुसऱ्याचा काढायचा तर ग्रुपचा अॅडमिन असावं लागतं. ही सोय 2022मध्ये आली. आमच्या ग्रुपचे अॅडमिन आतोबा.

खरं तर मेसेज मागे घ्यायची सोयच 2017च्या शेवटी आली. तेव्हा फक्त सात मिनिटं मिळायची. आठव्या मिनिटाला आपले शब्द आपले. पुढच्या वर्षी ती मुदत एक तास, आठ मिनिटं आणि सोळा सेकंद झाली. हा काय मुहूर्त काढलाय असं मला तेव्हा वाटलं होतं. मग भाच्याने सांगितलं की त्याचे सेकंद होतात 4096, म्हणजे दोनाचा बारावा घात, आणि संगणकवाल्यांना असले आकडे आपल्या एकशे एकसारखे शुभ वाटतात. 2022मध्ये ती वाढून अडीच दिवसांच्या आसपास गेली. अडीच दिवसांत आमच्या ग्रुपवर एखाद्या मेसेजवर भांडण होऊन, दोघं ग्रुप सोडून, समजूत काढून परत आणलेले असतात. त्यानंतर मूळ मेसेज गेला काय आणि राहिला काय!

तर पाच उत्तरांनंतर सहावं होतं वैशूकाकूचं. काकूला नातीने नुकतंच शिकवलंय की मेसेज बोटाने उजवीकडे ढकलला की त्याच्यासकट उत्तर देता येतं. तेव्हापासून ती "हो"सुद्धा नुसतं लिहीत नाही, पाटावर बसवून लिहिते. तिने लिहिलं होतं, "आम्हाला कधी दाखवतोस?" आणि त्याच्या डोक्यावरच्या करड्या चौकटीत, मंदारच्या नावासकट, अख्खं वाक्य शाबूत: "आणलं एकदाचं पिल्लू! पावणेदोन महिन्यांचं आहे."

माझं सगळं व्याकरण वाया गेलं.

चौकटीतलं वाक्य का टिकलं, याचं कारण साधं आहे. व्हॉट्सअॅपवर असं उत्तर देताना मूळ मेसेजकडे नुसतं बोट दाखवलं जात नाही. त्याची एक नक्कल उत्तराबरोबर बांधून पाठवली जाते. ती नक्कल उत्तर देणाऱ्याच्या मालकीची. मंदारने डिलीट दाबलं तेव्हा प्रत्येकाच्या फोनला निरोप गेला की अमुक मेसेज काढा. फोनने तो काढला. काकूच्या मेसेजबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून तो राहिला. दिलेली साडी परत मागता येते, तिचे शिवलेले परकर-पोलके नाहीत.

मी मंदारला फोन केला. त्याने काकूला केला. "काकू, तुमचा तो मेसेज तेवढा डिलीट करा, बाबा चारला उठतात." काकू तत्पर बाई. दोन मिनिटांत तिचा फोन, "केलं हो. गेलं." माझ्या फोनवर मात्र तो तसाच होता. काकूने "डिलीट फॉर एव्हरीवन"च्या ऐवजी "डिलीट फॉर मी" दाबलं होतं. म्हणजे जगात फक्त काकूच्या फोनवरून ते वाक्य गेलं, आणि आता तिला तो मेसेज दिसतच नसल्याने तो सर्वांसाठी काढायचा मार्गही बंद. चूक लक्षात आली तर परत घ्यायला खाली पाच सेकंद एक पट्टी येते, पण त्या पाच सेकंदांत काकू चष्मा कपाळावर सरकवून मंदारला फोन लावत होती.

तरीही डिलीट मला एका अर्थी प्रामाणिक वाटतं. इथे काहीतरी होतं, ते काढलंय, एवढं तरी सांगतं. पडलेल्या दातासारखं, फट दिसते. एडिटचं तसं नाही. ती खरी कवळी.

आमच्या बिल्डिंगच्या बायकांच्या ग्रुपवर चैत्रातल्या हळदीकुंकवाची वाटणी चालली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या एकीने लिहिलं, "आंब्याची डाळ मी करते." मी लगेच विचारलं, "किती वाट्या भिजवतेस? पाच पुरतील ना?" दुसरीने लिहिलं, "मिरची बेताने घाल, मागच्या वेळी ठसका लागला सगळ्यांना." तिसरी म्हणाली, "फोडणी वाढायच्या आधी घाल, मी येते मदतीला." एवढ्यावर विषय संपला असं समजून आम्ही फोन ठेवले. तिसऱ्या मजल्याने मग विचार बदलला आणि नवा मेसेज न लिहिता जुनाच दुरुस्त केला: "पन्हं मी करते."

दुरुस्तीला पंधरा मिनिटं मिळतात, 2023पासून. दुरुस्त केल्यावर कुणाचा फोन वाजत नाही. वेळेच्या शेजारी "एडिटेड" एवढा शब्द येतो, मुंगीच्या अक्षरात, आणि आधी काय होतं ते व्हॉट्सअॅप दाखवत नाही. सिग्नल नावाच्या अॅपवर त्या शब्दाला बोट लावलं तर आधीचे पाठ उघडतात, पण आमच्या बिल्डिंगमध्ये सिग्नल म्हणजे कोपऱ्यावरचा.

हळदीकुंकवाच्या दिवशी पन्हं दोघींकडून आलं आणि डाळ कुणाकडूनच नाही. मी म्हटलं, "अगं, तू डाळ म्हणाली होतीस." तिने शांतपणे फोन पुढे केला. तिथे सगळं लेखी होतं. ती म्हणते, पन्हं मी करते. त्यावर मी विचारते, किती वाट्या भिजवतेस? दुसरी म्हणते, मिरची बेताने घाल. तिसरी पन्ह्याला फोडणी घालायला मदतीला येते आहे. शेजारची नवी सून, जिने हे सगळं रात्री एकदमच वाचलं होतं, मला हळूच म्हणाली, "काकू, मला वाटलं तुम्ही सगळ्या त्यांची चेष्टा करताय." आम्ही तिघी खरं बोललो होतो आणि वेड्या ठरलो, तिने शब्द फिरवला आणि कागदोपत्री ती शहाणी. आमच्यापैकी एकीनेही काकूसारखं पाटावर बसवून उत्तर दिलं असतं तर पुरावा राहिला असता.

तर आतोबा. ते चारला उठले. सवा चारला त्यांची उत्तरं यायला लागली, वरून खाली, एकेका प्रश्नाला, पेपर सोडवावा तशी.

"आजच आणली. 'आणलं' नव्हे."

"गोड काय त्यात?"

"नाव कशाला ठेवायचं? तुम्ही ठेवताच आहात."

"रात्री काढून पाण्यात ठेवतो."

"चावत नाही. थोडी टोचते."

मग थांबले. ग्रुपच्या वरच्या बाजूला ते टाइप करत असल्याचं दिसत होतं. मग तेही गेलं. आता ते वैशूकाकूच्या चौकटीपाशी पोचले असणार हे आम्ही सगळ्यांनी आपापल्या घरी ओळखलं. तेवीस माणसांच्या ग्रुपवर त्या संध्याकाळी एकानेही काही लिहिलं नाही. रात्री फक्त श्रीधरदादाने, ज्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, लेकीच्या साखरपुड्यातला होणाऱ्या जावयाचा फोटो टाकला. त्याचं कुणीही कौतुक केलं नाही.

सकाळी सात वाजता आतोबांचा मेसेज आला, नुसता, चौकटीशिवाय, थेट त्या फोटोखाली:

"लस टोचून घेतली का त्याला?"

या वेळी व्याकरणही मदतीला येईना. जावई असो की पिल्लू, "त्याला" एकच. पाच मिनिटांनी श्रीधरदादाने लिहिलं, "कोविडची ना? दोन्ही झाल्यात."