बेसाचा प्लॉट: कंपाउंड वॉल शेवटी ड्रॉइंगवर बसली

मंडळी, गेल्या अपडेटमध्ये म्हटलं होतं की आता फक्त गेट उरलंय. गेटला अजून हात लागलेला नाही. मधला सगळा वेळ समोरच्या भिंतीने खाल्ला, पण आज ब्लेंडरमधला रेंडर आणि ड्रॉइंगवरचं एलिव्हेशन एकमेकांवर ठेवले तेव्हा रेघेवर रेघ बसली.

ज्यांच्या लक्षात नसेल त्यांच्यासाठी: दर्शनी बाजू १५ मीटर, पूर्वेला ३.६ मीटरचं गेट, उरलेल्या ११.४ मीटरमध्ये खांबांमधले चार खण. रस्ता गेटपासून पश्चिमेच्या कोपऱ्यापर्यंत ३०० मिमी उतरतो. नेहमीच्या पद्धतीने भिंत टेरेनवर श्रिंकरॅप करून १५०० मिमी वर उचलली की उंची सगळीकडे बरोबर येते आणि भिंत तरीही चुकीची दिसते. कोपिंग रस्त्यासोबत उतरतं, विटांचे थर तिरपे होतात. कुठला मिस्त्री तिरपा थर लावतो?

ड्राफ्ट्समन काकांना स्क्रीन दाखवली. ते म्हणाले, "बाप्पा, उंची नको वाचू, लेव्हल वाच." एलिव्हेशनवर गेटसमोरच्या रस्त्याची मध्यरेषा ±०.०० आहे आणि चार खणांचे माथे +१.५०, +१.४०, +१.३० आणि +१.२० असे लिहिलेत. म्हणजे प्रत्येक खणाचा माथा सपाट आणि मधल्या प्रत्येक खांबाशी १०० मिमीची एक पायरी. राष्ट्रीय इमारत संहितेतही समोरच्या भिंतीची १.५ मीटर मर्यादा रस्त्याच्या मध्यरेषेपासूनच धरतात, आतल्या भरावापासून नाही. म्हणून आता भिंतीला उंची देतच नाही, माथ्याची पातळी देतो. बूड खुशाल टेरेनच्या खाली जाऊ द्यायचं, जमीन ते झाकते.

पायऱ्या आल्या आणि दुसरं दुखणं सुरू झालं. चार खण म्हणजे चार वेगळे ऑब्जेक्ट, प्रत्येकाचा ओरिजिन वेगळा, त्यामुळे खांबाच्या अल्याड-पल्याड थर जुळेनात. उपाय इतका सोपा निघाला की हसू आलं. ±०.०० वर एक एम्प्टी ठेवली आणि Texture Coordinate नोडच्या Object खान्यात चारही खणांसाठी तीच निवडली. तिथून Object आउटपुट घेऊन X आणि Z वेगळे काढले आणि Combine XYZ मध्ये X, Y म्हणून जोडले, कारण ब्लेंडरचा विटांचा नोड आडव्या पृष्ठभागावर विचार करतो.

ड्रॉइंगमध्ये पॉइंटिंग केलेल्या फ्लाय अ‍ॅश विटा आहेत, १९० × ९० × ९०, सांधा १० मिमी. त्याचे आकडे:

```
Brick Width  0.2
Row Height   0.1
Mortar Size  0.005
Scale        1.0
```

सांधा १० मिमी असताना ०.००५ का? हा नोड सांधा प्रत्येक विटेच्या दोन्ही कडांवरून कापतो, त्यामुळे शेजारच्या दोन विटांचा मिळून १० होतो. ०.०१ टाकलं की पॉइंटिंग जाडजूड दिसतं आणि वीट बारीक.

आता गंमत बघा. कोपिंग १०० मिमीचं आणि +१.५० मध्ये धरलेलं, म्हणजे गेटजवळ शून्यापासून वर बरोबर १४ थर. पायरीही एका थराची, म्हणून कुठेच वीट आडवी कापावी लागत नाही. पॉइंटिंगची रेघ पहिल्या खणातून चौथ्यापर्यंत एका ओळीत जाते, फक्त वरचा एकेक थर गळत जातो. झूम करून बघत बसलोय.

फुकटचे विटांचे टेक्श्चर पॅक मी यापुढे भिंतीला लावणार नाही. त्यांतले बरेच परदेशी विटेचे, थर ७५ मिमीचा. त्याच १४०० मिमीत १४ ऐवजी जवळजवळ १९ थर दिसतात आणि मोजमाप बरोबर असूनही भिंत उंच वाटते, कारण डोळा थर मोजून उंची ठरवतो. शिवाय रंग लाल. आपल्याकडे कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख, वीट करडीच हवी.

तपासणीसाठी कॅमेरा ऑर्थोग्राफिक करून एलिव्हेशनचा स्कॅन पार्श्वभूमीला ठेवा. स्कॅन आडवा आणि उभा सारखा ताणलेला नसतो. मी आडवा १५.०० च्या लिखित मापावर आणि उभा +१.५० वर वेगवेगळा बसवला. पर्स्पेक्टिव्हमध्ये उंचीचं भांडण करू नका, रुंद लेन्समध्ये जवळचा खांब राक्षस होतो.

मागच्या बाजूच्या चेन लिंकला अल्फा टेक्श्चर लावायचं ठरलं होतं. पण लिहिता लिहिता सुचतंय की त्याच एम्प्टीवरून ५० मिमीची जाळीही बसेल, म्हणजे कॅमेऱ्याजवळच्या दोन खणांत खरी तार आणि मागे टेक्श्चर ठेवलं तरी जोड कळणार नाही. आधी तेच करून बघतो. गेट पुन्हा लांबलं! तसंही प्लॅनमध्ये त्याची पाती आत उघडतात आणि आत रॅम्प गेटच्या रेषेपासूनच चढतो, म्हणजे उघडं दाखवलं तर पातं रॅम्पमध्ये घुसणार. एलिव्हेशनमध्ये गेट बंद आहे, तेव्हा रेंडरमध्येही बंदच राहील. कोणी असा रॅम्प सोडवला असेल तर सेक्शन टाका.