निलंबित मर्चंट अकाउंट पुन्हा सुरू करून घेताना: माझा अनुभव

आमचा व्यवसाय दैनंदिन्या आणि नियोजन-वह्या छापून ऑनलाइन विकण्याचा. एरवी माल तयार असतो, ऑर्डर आली की दोन-तीन दिवसांत कुरिअरकडे जाते. वर्षअखेरीला नव्या वर्षाच्या दैनंदिनीची आगाऊ नोंदणी पहिल्यांदाच सुरू केली आणि एरवी महिनाभरात येते त्याच्या चौपट रक्कम आठवड्याभरात जमा झाली. लगेच पेमेंट कंपनीचा मेल आला: खात्यात जास्त जोखीम आढळल्यामुळे ते निलंबित केलं आहे, फेरविचार हवा असेल तर स्पष्टीकरण आणि कागदपत्रं पाठवा.

कारण म्हणून मेलमध्ये एवढंच होतं. छपाईचे पैसे द्यायची वेळ आणि नेमकी रक्कम अडकलेली, त्यामुळे राग खूप आला. तरी आधी डॅशबोर्डवर नीट पाहिलं की नक्की काय थांबलंय. नवी पेमेंट घेणं बंद होतं, बँकेत पैसे वळते होणं बंद होतं, पण रिफंड चालू होता. हे शेवटचं फार महत्त्वाचं ठरलं. ज्यांना थांबायचं नव्हतं त्यांचे पैसे आम्ही त्याच दिवशी परत करू शकलो. नाहीतर त्यांनी बँकेत तक्रार केली असती आणि प्रत्येक तक्रारीबरोबर आमची बाजू लंगडी झाली असती.

माझ्या भागीदाराचं म्हणणं होतं की दुसऱ्या नावानं नवीन खातं उघडून विक्री चालू ठेवू. मी ठाम नकार दिला. बँक खातं, मालकाचं ओळखपत्र, वेबसाइट यांवरून अशी खाती जोडली जातात आणि मग तो निलंबन चुकवण्याचा प्रयत्न समजला जातो. तिथून परतीचा रस्ता जवळजवळ नसतो.

पत्र लिहायच्या आधी मी एका मैत्रिणीला फोन केला. तिनं बँकेच्या कार्ड विभागात बरीच वर्षं काम केलंय. ती म्हणाली, "अगं, तू प्रामाणिक आहेस की नाही हा त्यांचा मुख्य प्रश्नच नाहीये. माल पोचला नाही तर पैसे कोण भरणार, एवढंच ते बघतायत." ग्राहकानं बँकेत तक्रार केली की चार्जबॅक होतो. बँक पैसे पेमेंट कंपनीकडून वसूल करते, कंपनी आमच्याकडून. आमचं खातं रिकामं असेल तर भुर्दंड कंपनीला. शिवाय व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत 'वस्तू मिळाली नाही' या तक्रारीला साधारण 120 दिवसांची मुदत असते आणि आगाऊ नोंदणीत ती पैसे घेतल्यापासून नाही, तर डिलिव्हरीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजतात. म्हणजे आमच्यासारख्या विक्रीत त्यांची जोखीम कितीतरी महिने उघडी राहते. आमचं खातं मंजूर झालं होतं ते तयार माल विकणारे म्हणून. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर चित्र खरंच काळजीचं होतं.

त्यामुळे पत्रात आपली बाजू भावनेनं मांडण्याऐवजी मी एकच आकडा काढायला बसले: पैसे घेतलेत पण माल दिलेला नाही, अशा ऑर्डर किती? त्या काळातल्या एकूण 412 ऑर्डर. त्यातल्या 131 तयार मालाच्या होत्या आणि सगळ्या पोचल्या होत्या. उरलेल्या 281 आगाऊ नोंदणीच्या. त्यातल्या 96 पहिल्या खेपेत पोचल्या, 9 जणांना रिफंड दिला, राहिल्या 176. या 176 ऑर्डरची रक्कम आमच्या अडकलेल्या रकमेच्या साधारण 60 टक्के निघाली. याचा अर्थ यापुढे एकही दैनंदिनी छापली गेली नाही, तरी सगळ्यांचे पैसे कंपनीच्या हातात असलेल्या रकमेतूनच परत करता आले असते. माझ्या मते आमच्या अर्जातलं सगळ्यात वजनदार वाक्य हेच होतं आणि ते मी पहिल्या परिच्छेदात घातलं.

ऑर्डरचा तक्ता सोबत जोडला: ऑर्डर क्रमांक, पेमेंटचा आयडी, तारीख, रक्कम, कुरिअरचा ट्रॅकिंग क्रमांक, पोचल्याची तारीख. पेमेंटचा आयडी त्यांच्या डॅशबोर्डवर दिसतो तोच घेतला, म्हणजे तपासणाऱ्याला शोधत बसावं लागत नाही. ग्राहकांच्या कार्डाचे तपशील कुठेही दिले नाहीत. ते आमच्याकडे नसतातच आणि मेलमधून कधी पाठवायचेही नसतात.

कागदपत्रांत व्यवसायाचं नोंदणी प्रमाणपत्र, आम्हा दोघांची ओळखपत्रं, बँकेचं स्टेटमेंट, कागदाच्या खरेदीचं बिल आणि छापखान्याचं बिल होतं. अडचण निघाली शेवटच्यात. बिल भागीदाराच्या वैयक्तिक नावावर होतं आणि मर्चंट अकाउंट व्यवसायाच्या नावावर. नाव जुळलं नाही की कागद बाद होतो. बिलावर खाडाखोड करण्याचा प्रश्नच नव्हता. छापखान्याच्या मालकांना फोन केला तर ते म्हणाले, "ऑर्डर द्यायला ते स्वतः आले होते, म्हणून त्यांचं नाव टाकलं. थांबा, लेटरहेडवर लिहून देतो." त्यांनी बिलाचा क्रमांक, आमच्या व्यवसायाचं नाव, प्रतींची संख्या आणि माल तयार होण्याची तारीख लिहून सही-शिक्क्यानिशी पत्र दिलं. त्याला जोडून आमच्या व्यवसायाच्या खात्यातून छापखान्याला आगाऊ रक्कम गेल्याची स्टेटमेंटमधली नोंद दाखवली. स्टेटमेंट सगळ्या पानांसकट, बँकेतून उतरवलेलं मूळ पीडीएफ पाठवलं. एखादी ओळ झाकली किंवा पान कापलं तर फाइलमध्ये फेरफार केल्याचा संशय येतो.

पत्र एका पानाचं होतं. त्यातला गाभा असा:

"विक्री अचानक वाढली ती नव्या वर्षाच्या दैनंदिनीच्या आगाऊ नोंदणीमुळे. अर्ज करताना आम्ही फक्त तयार माल विकत होतो, आगाऊ नोंदणी आता पहिल्यांदाच केली आहे. नवी नोंदणी आम्ही आजपासून बंद केली आहे. उरलेल्या 176 ऑर्डर छापखान्याच्या पत्रातील तारखेनंतर आठवड्याभरात रवाना होतील आणि ट्रॅकिंग क्रमांक रोज आपल्याला कळवू. तोपर्यंत या ऑर्डरइतकी रक्कम आपण राखून ठेवण्यास आमची हरकत नाही. उरलेली रक्कम मोकळी करून खाते पुन्हा सुरू करावे, ही विनंती."

शेवटची दोन वाक्यं भागीदाराला पटत नव्हती. आपणच पैसे अडकवायला का सांगायचं? मला मात्र वाटत होतं की नुसतं 'विश्वास ठेवा' म्हणण्यापेक्षा त्यांची जोखीम झाकून दाखवली, तर समोरच्याला हो म्हणायला जागा मिळते.

सगळं एकाच मेलमध्ये, मूळ तक्रार क्रमांकाखाली पाठवलं. रोज नवं तिकीट उघडलं असतं तर अर्धे कागद एकाकडे, अर्धे दुसऱ्याकडे गेले असते. मध्ये जोखीम विभागाचा एकच प्रश्न आला: वेबसाइटवर डिलिव्हरीची तारीख कुठे लिहिली आहे? ती उत्पादनाच्या पानावर खाली होती. आम्ही ती 'खरेदी करा' बटणाच्या अगदी वर आणली, रिफंडच्या नियमांची लिंक तिथेच दिली आणि पानाचा स्क्रीनशॉट पाठवला.

त्यानंतर खातं सुरू झालं, अटींसह. छपाई न झालेल्या ऑर्डरची रक्कम त्यांनी राखून ठेवली, बाकीची बँकेत वळती केली, आणि पुढच्या प्रत्येक पेमेंटमधले 10 टक्के 90 दिवस राखीव ठेवायचं ठरलं. बँकेत वळत्या झालेल्या पैशांतून छापखान्याचा पुढचा हप्ता गेला.

हे सगळं जमलं, कारण आमचं खातं निलंबित होतं, कायमचं बंद केलेलं नव्हतं. कायमचं बंद झालेल्या व्यापाऱ्याचं नाव मास्टरकार्डच्या MATCH या यादीत जाऊ शकतं, आणि नवीन खातं देण्यापूर्वी बँका आणि पेमेंट कंपन्या ही यादी पाहतात. तिथे नोंद 5 वर्षं राहते आणि ती काढण्याची विनंती ज्या बँकेनं किंवा कंपनीनं नोंद केली तिच्याकडेच करावी लागते. मेलमध्ये दोन्हींपैकी कोणता शब्द आहे, हे म्हणूनच आधी पाहावं.

यंदा आगाऊ नोंदणी उघडण्यापूर्वीच आम्ही जोखीम विभागाला अपेक्षित रक्कम, छपाईची तारीख आणि रवाना करण्याचं वेळापत्रक कळवलं. त्यांनी महिन्याची वाढीव मर्यादा लेखी दिली आहे. नोंदणी चालू आहे आणि पैसे वेळेवर वळते होत आहेत.