तुम्ही विचारलंत म्हणून: किल्लारी किती रिश्टरचा?

"सर, किल्लारीचा भूकंप नक्की किती रिश्टरचा होता? कुणी ६.२ सांगतं, कुणी ६.४. आणि एवढ्या आकड्याला एवढी माणसं कशी गेली?"

लातूर भागात भूगर्भशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारलं जातं. यात खरं तर दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर यंत्राच्या कागदावर मिळतं, दुसऱ्याचं गावातल्या भिंतींत. पेपरवाले दोन्हींना "तीव्रता"च म्हणतात, म्हणून मी इथे पहिल्याला मॅग्निट्यूड म्हणतो आणि तीव्रता हा शब्द फक्त दुसऱ्यासाठी ठेवतो.

आधी कागद. भूकंपमापकाच्या नोंदीत पहिल्यांदा एक बारीक थरथर दिसते, ती प्राथमिक लहरींची. मग काही सेकंदांनी रेष एकदम मोठी उसळते. या दुय्यम लहरी, ज्या हळू चालतात पण जोरात हलवतात. दोन्हींमध्ये किती सेकंद गेले ते मोजायचं आणि साधारण आठने गुणायचं, की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते कळतं. किल्लारी ते हैदराबाद सरळ अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे तिथल्या नोंदीत ही फट सत्तावीस-अठ्ठावीस सेकंदांची पडायला हवी. अशी तीन ठिकाणची अंतरं जुळवली की जागा सापडते. अंतर कळल्यावरच रेष किती उसळली याला अर्थ येतो, कारण जवळचा लहान भूकंप आणि लांबचा मोठा भूकंप कागदावर सारखेच दिसू शकतात.

चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये कॅलिफोर्नियात हेच सूत्रात बसवलं. ठरावीक बनावटीचं वुड-अँडरसन यंत्र, भूकंपापासून शंभर किलोमीटरवर, आणि कागदावर रेष एक मिलिमीटर उसळली तर मॅग्निट्यूड ३. दहा मिलिमीटर उसळली तर ४, शंभर तर ५. एकेक आकडा वाढला की हालचाल दहापट होते, आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीसपट. रिश्टर हे यंत्र नव्हे, हे मला अजून सांगावं लागतं. ही मोजण्याची रीत आहे, आणि तीही एका प्रदेशासाठी, एका यंत्रासाठी बांधलेली.

म्हणूनच २०२४ मध्ये हिंगोलीकडे ४.५ चा धक्का बसला तेव्हा "किल्लारीच्या जवळपास पोचला की" असं जे बोललं गेलं, ते ऐकून मी कपाळाला हात लावला. ६.२ आणि ४.५ मधला फरक १.७ दिसतो. पण हालचालीत तो पन्नासपट आहे आणि ऊर्जेत साडेतीनशेपट.

आता ६.२ की ६.४. रिश्टरनंतर लोकांनी निरनिराळ्या लहरींवरून निरनिराळी मापं काढली. पोटातून येणाऱ्या, सेकंदाला एक अशा झटपट लहरींवरून एक माप निघतं. पृष्ठभागावरून सावकाश जाणाऱ्या, वीस-वीस सेकंदांच्या लहरींवरून दुसरं. एकच भूकंप दोन्हींनी मोजला तर थोडे वेगळे आकडे येतात आणि दोन्ही बरोबर असतात. शिवाय ही मापं मोठ्या भूकंपांना पुरत नाहीत. जमिनीत सरकलेला खडकाचा तुकडा फार मोठा असला तर झटपट लहरी एका मर्यादेपुढे वाढतच नाहीत, आणि माप तिथेच अडकतं. २००१ च्या भूजच्या वेळी आपल्या हवामान विभागाने ६.९ जाहीर केला आणि परदेशी संस्था ७.७ च्या पुढे सांगत होत्या. त्यावरून तेव्हा पेपरांत बरीच धुळवड झाली. ती माहितीची लपवाछपवी नव्हती, वेगळ्या मापांचा परिणाम होता.

यावर उपाय म्हणून १९७९ मध्ये हँक्स आणि कानामोरी यांनी आजचं माप मांडलं, ते मोमेंट मॅग्निट्यूड. यात लहरींवरून मागे जाऊन जमिनीत काय घडलं हे काढतात: खडकाचा किती क्षेत्रफळाचा तुकडा सरकला, किती सरकला, आणि खडक किती ताठ आहे. तिन्हींचा गुणाकार करायचा. समजा दहा किलोमीटर लांब आणि आठ किलोमीटर रुंद असा पृष्ठभाग सरासरी एक मीटर सरकला. खडकाचा नेहमीचा ताठपणा धरून हिशेब केला तर उत्तर ६.२ च्या जवळ येतं. किल्लारीचा मोमेंट मॅग्निट्यूड ६.२ धरला जातो आणि मी विचारणाऱ्याला तोच सांगतो. तिथे शेतांत जमीन मीटरभराच्या आतबाहेर उचलली गेल्याची रेघ भूकंपानंतर दिसलीही होती. म्हणजे हा एवढासा तुकडा. दीड आकडा वरचा भूज ऊर्जेत याच्या पावणेदोनशेपट होता.

इथवर भूकंपाचं काम झालं. आता माणसांचं.

आपल्याकडे विहीर खोदताना सुरुंग लावतात. किती कांड्या भरल्या हा एक आकडा असतो आणि तो सगळ्या गावासाठी एकच असतो. कुणाची कौलं खाली आली आणि कुणाला नुसता आवाज ऐकू आला, हे मात्र घराघरागणिक वेगळं. मॅग्निट्यूड म्हणजे कांड्या. तीव्रता प्रत्येक गावाची वेगळी असते आणि ती यंत्राविना, पायी फिरून ठरवतात.

भारतात यासाठी मुख्यतः १९६४ ची एमएसके मोजपट्टी वापरली गेली. तिच्यात एक ते बारा पायऱ्या आहेत आणि त्या रोमन आकड्यांत लिहितात, त्यामुळे दशांश चिन्हाचा मोह होत नाही. खालच्या पायऱ्या माणसांच्या सांगण्यावर चालतात: झोपलेले उठले का, भांडी वाजली का, लोक घाबरून बाहेर पळाले का. सातपासून पुढे इमारती बोलतात. घरांचे तीन गट करायचे: पहिल्यात दगडमातीची, दुसऱ्यात विटांची, तिसऱ्यात आरसीसीसारखी मजबूत. मग प्रत्येक गटात किती घरांना किती इजा झाली ते मोजायचं. इजेच्याही पाच पायऱ्या आहेत, केसाएवढ्या भेगेपासून सपाट होण्यापर्यंत. दगडमातीच्या घरांपैकी निम्मी अर्धवट कोसळली आणि थोडी पूर्ण पडली, तर पायरी आठ. निम्मी पूर्णच सपाट झाली तर नऊ, पण त्याच नऊला विटांची घरंही निम्मी अर्धवट कोसळलेली दिसायला हवीत. तिन्ही गटांची साक्ष जुळली की पायरी पक्की होते.

किल्लारीत पंचाईत नेमकी इथे होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला जी गावं पडली, त्यांत जवळजवळ सगळी घरं पहिल्याच गटातली होती. साक्षीदार एकच. दगडमातीच्या घरांकडे पाहिलं तर नऊ म्हणावंसं वाटे. तुरळक चांगली बांधकामं आणि हलक्या छपराच्या झोपड्या पाहिल्या तर तेवढं वाटत नसे. मुख्य धक्क्याच्या वेळी केंद्राजवळ जमिनीचा जोर मोजणारं यंत्रही नव्हतं, त्यामुळे पडताळा घेता आला नाही. सगळ्यात बाधित गावांसाठी आठ-नऊ असं जे लिहिलं गेलं, ते मला प्रामाणिक वाटतं.

शिवाय आपलं जुनं घर त्या पहिल्या गटातही तळाला बसेल. भिंत दोन-तीन फूट रुंद, पण ती एकसंध नसते. आत एक दगडी पापुद्रा, बाहेर एक, मध्ये चिखल आणि खडी. दोन्ही पापुद्र्यांना शिवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेलेच नव्हते. हलल्यावर अशी भिंत पोट काढते आणि दोन बाजूंना उलगडते. वर माळवद. गळतं म्हणून दर काही वर्षांनी नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती धरा. ती कोरडी असतानाही साडेसहा टनांच्या आसपास भरते, आणि सप्टेंबरात ती कोरडी नव्हती. आदल्या रात्री विसर्जन आटोपून लोक त्या छताखाली झोपले होते.

भूकंप जमिनीखाली किती खोल झाला, याचाही हात होता. किल्लारीचा केंद्रबिंदू दहा किलोमीटरच्या आसपास खोल, म्हणजे गावाच्या अगदी पायाखाली. १९९७ चा जबलपूरचा भूकंप ५.८ चा. ऊर्जेचा फरक जेमतेम चारपट. पण तो पस्तीसेक किलोमीटर खोल झाला, त्यामुळे जबलपूरचं सगळ्यात जवळचं घरसुद्धा त्याच्यापासून तेवढं लांब होतं. तिथे चाळीसच्या आसपास माणसं गेली. किल्लारीत सरकारी हिशेबानेच हजारोंनी. चारपट ऊर्जेतून मृत्यू दोनशेपट होत नाहीत. बाकीचा फरक भूकंपाच्या खोलीचा आणि छपरांवरच्या मातीचा.

अलीकडे एक सोय झाली आहे. यंत्रांचं जाळं दाट असेल तिथे जमिनीला बसलेल्या झटक्यावरून काही मिनिटांत तीव्रतेचा रंगीत नकाशा निघतो. लोक त्यालाच अंतिम मानतात. तो जमीन किती हलली याचा अंदाज असतो. माळवद त्याला दिसत नाही. पायी फिरून भरलेला तक्ता आणि हा नकाशा जिथे जुळत नाहीत, तिथे बहुधा एकतर बांधकाम फार वाईट असतं, नाहीतर माती वेगळी.

घर बांधणाऱ्याला यातला कोणता आकडा लागतो, हेही विचारतात. मॅग्निट्यूड नाही. देशाचे भूकंपक्षेत्रांचे पट्टे मुळात अपेक्षित तीव्रतेवरच आखले होते. १९९३ साली किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होती. २००२ मध्ये तो पट्टाच रद्द झाला आणि हा भाग तिसऱ्यात आला, म्हणजे तीव्रता सात धरून बांधा. ही किमान अट आहे, सातच्या वर काही होणार नाही अशी हमी नाही. किल्लारीने ते आधीच दाखवलं होतं.

जुन्या वाड्यात राहणाऱ्यांना मी दोनच कामं सांगतो. माळवदावरची जास्तीची माती उतरवून घ्या आणि वर हलकं छप्पर घाला. आणि भिंतीतले एकेक दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक पाडा, त्यात सळईचा आकडा बसवून काँक्रीट भरा, म्हणजे दोन पापुद्रे एकमेकांना धरून राहतील. पहार वापरू नका, ठोके बसले की मधला चिखल सुटतो. भूकंपानंतर मराठवाड्यात ही रीत दाखवली गेली होती. गवंडी "कशाला" म्हणून कुरकुरेल. त्याला चहा द्या आणि करून घ्या.